दम्याचे दोन पंप आणि स्पेसर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाली दिलेले प्रश्न जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील दम्याच्या रुग्णांनी व त्यांच्या घरच्यांनी तपासणीच्या टेबलासमोर बसून मला विचारलेले आहेत. यांतील बहुतेकांना औषध लिहून दिलेले असते आणि पंपही विकत घेतलेला असतो, तरीही रात्री "दम लागस" ही तक्रार जशीच्या तशी राहते. खोलात चौकशी केली की कारण बहुधा दोनांपैकी एक निघते. एक तर रोजचा पंप फडताळात पडून असतो आणि त्रासाचा पंप रोज चालू असतो, किंवा औषध फुप्फुसात न पोहोचता जिभेवर आणि घशात बसत असते. म्हणून येथे या दोनच गोष्टींचा विचार केला आहे. कोणते औषध किती मात्रेत घ्यायचे, हे तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला तपासूनच ठरवायचे आहे.

निळा पंप ओढला की पाच मिनिटांत मोकळे वाटते. दुसऱ्या पंपाने काहीच जाणवत नाही. मग तो कशासाठी घ्यायचा?

ठिबकची नळी ज्यांच्या शेतात आहे, त्यांना हे लगेच समजते. नळीवर कोणाचा पाय पडला तर पाणी थांबते आणि पाय काढला की लगेच सुरू होते. मात्र नळीच्या आतून क्षार बसले असतील, तर पाय काढूनही झाडाला पुरेसे पाणी मिळत नाही. क्षार एका दिवसात बसत नाहीत आणि एका दिवसात निघतही नाहीत.

दम्यात श्वासनलिकांच्या बाबतीत हे दोन्ही एकाच वेळी घडत असते. नलिकेभोवतीचे स्नायू आवळले जातात, हा झाला बाहेरून पडलेला पाय. त्याच वेळी आतले अस्तर सुजलेले असते आणि त्यावर चिकट कफ साचतो, हे झाले आतले क्षार. निळ्या पंपात बहुधा साल्ब्युटामॉल असते. ते आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करते आणि त्याचा परिणाम साधारण चार ते सहा तास टिकतो. आतल्या सुजेवर मात्र त्याचा उपयोग होत नाही. रोजच्या पंपात बुडेसोनाइड, बेक्लोमेथासोन किंवा फ्लुटिकासोन यांसारखे श्वासातून घ्यायचे स्टेरॉइड असते. ते सूज उतरवते, पण त्याला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. त्यामुळे ओढल्याबरोबर काही जाणवणार नाही, हे आधीच ठाऊक असलेले बरे. पहिल्याला आराम देणारा किंवा रिलिव्हर आणि दुसऱ्याला नियंत्रण ठेवणारा किंवा कंट्रोलर म्हणतात. घरात बोलताना "त्रासाचा पंप" आणि "रोजचा पंप" असे म्हटले तरी पुरते.

अडचण अशी आहे की ज्या औषधाने लगेच बरे वाटते, त्यावरच माणसाचा विश्वास बसतो. सूज वाढत असताना निळा पंप तात्पुरती वाट मोकळी करून देतो, त्यामुळे आजार बळावतो आहे हे रुग्णाच्या ध्यानातच येत नाही. याच कारणाने दम्यावरच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये, असे स्पष्ट सांगितले आहे.

रंगावरून पंप ओळखता येतो का?

अंदाज करता येतो, खात्री धरता येत नाही. साल्ब्युटामॉलचा पंप बहुधा निळा असतो, पण रोजच्या पंपाचे रंग कंपनीगणिक बदलतात. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचा पंप दिला की तेच औषध वेगळ्या रंगात येते आणि घरात गोंधळ सुरू होतो. म्हणून औषधाचे नाव वाचावे आणि पंपावर पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर ठळक अक्षरांत "रोज" किंवा "त्रास" असे लिहावे. घरात वाचता न येणारे वडीलधारे असतील, तर रोजच्या पंपाला रबरबँड गुंडाळावा, म्हणजे अंधारातही हाताला कळते.

एक अपवाद समजून घेणे आवश्यक आहे. बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल ही दोन औषधे एकत्र असलेला पंप काही रुग्णांना रोजसाठीही आणि त्रासाच्या वेळीही दिला जातो, कारण फॉर्मोटेरॉल काही मिनिटांत काम सुरू करते. म्हणजे एकाच पंपात दोन्ही कामे होतात आणि त्रासाच्या प्रत्येक दाबाबरोबर सूज उतरवणारे औषधही आपोआप पोटात, म्हणजे खरे तर छातीत, जाते. मात्र दिसायला तसाच असलेला, पण साल्मेटेरॉल घातलेला पंप अशा तऱ्हेने वापरता येत नाही, कारण ते औषध सावकाश काम करते. "शेजाऱ्याचा पंप रोज आणि त्रासाला एकच आहे, मग माझाही तसाच वापरतो" असे करण्यापूर्वी डब्यावरचे नाव पाहावे आणि डॉक्टरांना विचारावे.

निळा पंप किती वापरला म्हणजे जास्त झाला?

आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा तो लागत असेल, दम्यामुळे रात्री एकदाही जाग येत असेल किंवा नेहमीचे काम अडत असेल, तर दमा ताब्यात नाही असे समजावे. दुसरा हिशेब डब्यांचा आहे. २०० दाबांचे तीन किंवा अधिक डबे वर्षभरात संपत असतील, तर गंभीर झटका येण्याचा धोका वाढलेला असतो. वर्षाला बारा किंवा अधिक डबे संपणाऱ्यांत दम्याने मृत्यू येण्याचा धोकाही वाढतो.

चोपडा तालुक्यातील एका बाईंचे उदाहरण येथे सविस्तर देतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय चाळिशीच्या आसपास, घरी कपाशी आणि केळी. तीन वर्षांपासून त्यांचा निळा पंप चालू होता आणि तो महिन्याच्या किराण्याबरोबर आणला जात असे. "एक पंप किती दिवस जातो?" असे विचारल्यावर त्यांनी "पंचवीस दिवस" असे सहज सांगितले. २०० दाब पंचवीस दिवसांत, म्हणजे दिवसाला आठ दाब आणि वर्षाला चौदा डबे. त्यांच्या दृष्टीने मात्र दमा "ताब्यात" होता, कारण पंप ओढला की बरे वाटत होते.

रोजचा पंपही त्यांना पूर्वी लिहून दिलेला होता. आठ दिवस घेऊन फरक पडला नाही, म्हणून तो देव्हाऱ्याच्या फळीवर गेला. मी त्यांना औषध नसलेला सरावाचा पंप देऊन तो कसा घेता ते करून दाखवायला सांगितले. त्यांनी आधी खटका दाबला आणि मग श्वास घेतला. ओठांच्या कडेतून पांढरा फवारा बाहेर आलेला समोर बसलेल्या त्यांच्या मुलाने पाहिला आणि तोच म्हणाला, "आई, हे तर सगळं बाहेरच चाललंय."

त्यांना बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉलचा पंप स्पेसर नावाची नळकांडी लावून सकाळ-संध्याकाळ घेण्यास सांगितला आणि त्रास झाला तर त्याच पंपाचा एक जादा दाब घ्यावा असे ठरले. दिवसाला जास्तीत जास्त किती, हेही लिहून दिले. प्रत्येक जादा दाबासाठी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर एक टिंब काढायचे, एवढेच काम मुलाकडे दिले. पहिल्या आठवड्यात एकोणीस टिंबे होती आणि तीन रात्री जाग आली होती. दुसऱ्या आठवड्यात आकडा फारसा हलला नाही, तेव्हा त्या पुन्हा निळ्या पंपाकडे वळण्याच्या बेतात होत्या. चौथ्या आठवड्यात रात्रीची जाग थांबली. सहाव्या आठवड्यात टिंबे दोन उरली, आणि ती दोन्ही भरीताची वांगी पऱ्हाटीच्या जाळावर भाजली त्या दिवसाची होती. औषध बदलले होते हे खरे, पण तोच पंप पूर्वीच्या पद्धतीने घेतला असता तर फारसा उपयोग झाला नसता, असे माझे मत आहे.

स्टेरॉइड म्हणजे वाईट ना? पंपाची सवय लागते का?

सवय लागत नाही. दमा दीर्घकाळचा आजार असल्यामुळे औषध दीर्घकाळ लागते, एवढाच त्याचा अर्थ आहे. रक्तदाबाची गोळी रोज घेणाऱ्याला आपण व्यसनी म्हणत नाही.

स्टेरॉइडच्या भीतीमागे गोळ्यांचा अनुभव असतो. मोठ्या झटक्यात प्रौढ रुग्णाला प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिवसाला सुमारे ४० मिलिग्रॅम, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम दिल्या जातात. पंपातून दिवसभरात बहुधा २०० ते ८०० मायक्रोग्रॅम औषध दिले जाते, आणि तेही थेट श्वासनलिकेत. दोन्ही औषधांची ताकद वेगळी असल्यामुळे हा हिशेब तंतोतंत मानू नये, तरी अंतर किती आहे ते त्यावरून कळते. पंपातल्या स्टेरॉइडचा नेहमी दिसणारा त्रास म्हणजे आवाज बसणे आणि तोंडात पांढरी बुरशी येणे. दोन्हींचे कारण घशात बसलेले औषध असते. रोजचा पंप घेतल्यावर पाण्याने खळखळून गुळण्या करून ते पाणी थुंकून टाकावे, गिळू नये. दात घासण्याआधी पंप घेण्याची सवय लावली, तर गुळण्यांची वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. लहान मुलांत अधिक मात्रेने उंचीच्या वाढीवर थोडा परिणाम होऊ शकतो, म्हणून डॉक्टर मुलाची उंची मोजत राहतात आणि दमा ताब्यात राहील अशी कमीत कमी मात्रा ठेवतात.

स्पेसरशिवाय पंप घेतला तर बिघडते कुठे?

खटका दाबल्यावर औषध फार वेगाने बाहेर पडते. आपला श्वास आत जात असतानाच तो फवारा सुटला, तर त्यातले काही औषध वळणावरून खाली उतरते. श्वास थोडा आधी किंवा नंतर घेतला, तर फवारा सरळ जाऊन घशाच्या मागच्या भिंतीवर आदळतो. पद्धत अगदी बरोबर असली, तरी औषधाचा मोठा भाग तोंडात आणि घशातच राहतो. फवारा थंड असल्यामुळे अनेकांचा श्वास त्या क्षणी आपोआप अडतो, आणि हे त्यांना स्वतःला कळतही नाही.

स्पेसरशिवाय घ्यायचेच असेल, तर क्रम असा आहे. झाकण काढून नळीत काही अडकलेले नाही ना ते पाहावे. हा सल्ला क्षुल्लक वाटेल, पण झाकण न लावता खिशात ठेवलेल्या पंपात कापसाचे तंतू, सुपारीचा तुकडा किंवा लहान नाणे जाऊ शकते आणि फवाऱ्याबरोबर ते श्वासात ओढले जाऊ शकते. नंतर पंप चांगला हलवावा, ताठ बसून श्वास शांतपणे पूर्ण सोडावा, नळी दातांच्या मध्ये धरून ओठ घट्ट मिटावेत. मग तोंडाने सावकाश श्वास घ्यायला सुरुवात करावी आणि सुरुवात होताच खटका एकदाच दाबावा. श्वास थांबू न देता चार-पाच सेकंद खोल घेत राहावा, दहा सेकंद किंवा जमेल तितका रोखून धरावा आणि सावकाश सोडावा. दुसरा दाब अर्ध्या ते एका मिनिटाने, पंप पुन्हा हलवून घ्यावा.

फवारा ओठांच्या कडेतून किंवा नाकातून धुरासारखा बाहेर दिसला, तर औषध वाया गेले असे समजावे. हे स्वतःला दिसत नाही, म्हणून आरशासमोर एकदा घेऊन पाहावे किंवा घरच्यांना पाहायला सांगावे.

स्पेसर लावून नेमके कसे घ्यायचे?

स्पेसर म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळकांडी. फवाऱ्याचा वेग तिच्यात कमी होतो, मोठे थेंब तिच्या भिंतीला चिकटतात आणि बारीक कण हवेत तरंगत राहतात, जे आपण सावकाश श्वासाने आत घेतो. दाबणे आणि श्वास घेणे एकाच क्षणी जुळवावे लागत नाही, हा तिचा मुख्य फायदा. ती लहान मुलांचे किंवा म्हाताऱ्यांचे साधन आहे, असा समज तरुण रुग्णांत फार आहे. तो चुकीचा आहे. फवाऱ्याचा पंप घेणाऱ्या प्रत्येकाने शक्यतो ती वापरावी.

स्पेसरचे दोन भाग असतील तर ते नीट बसवून, पंप हलवून त्याच्या मागच्या भोकात उभा बसवावा. डबा वर आणि नळी खाली, अशीच पंपाची स्थिती हवी. आडवा धरला तर मात्रा बिघडते. श्वास सोडून स्पेसरचे तोंड दातांमध्ये धरावे, ओठ मिटावेत आणि खटका एकदा दाबावा. दाबल्यावर लगेच सावकाश, खोल श्वास घ्यावा आणि दहा सेकंद रोखावा. झडप असलेल्या स्पेसरमध्ये श्वासाबरोबर झडपेचा हलका टकटक आवाज येतो, त्यावरून औषध आत जात असल्याचे कळते. काही स्पेसरना शिटी असते आणि ती वाजली तर श्वास फार जोरात घेतला जात आहे असा तिचा अर्थ असतो. बऱ्याच जणांना शिटी वाजली म्हणजे बरोबर झाले असे वाटते, ते उलट आहे. एवढा खोल श्वास घेऊन रोखणे जमत नसेल, तर तोंड न काढता पाच-सहा साधे श्वास आत-बाहेर घ्यावेत. त्यानेही काम होते.

येथे दोन चुका वारंवार दिसतात. पहिली, वेळ वाचवण्यासाठी दोन-तीन दाब एकदम स्पेसरमध्ये सोडणे. असे केल्याने कण एकमेकांना आणि भिंतीला चिकटतात आणि प्रत्येक दाबामागे मिळणारे औषध कमी होते. दुसरी, दाबून झाल्यावर बोलत बसणे. औषध काही सेकंदांतच खाली बसू लागते, त्यामुळे दाब आणि श्वास यांत अंतर नको.

लहान मुलाला कसे द्यायचे?

साधारण चार वर्षांपर्यंत मास्क असलेला स्पेसर लागतो. मूल मांडीवर सरळ बसवावे, मास्क नाक आणि तोंड दोन्ही झाकेल असा हलक्या पण घट्ट हाताने टेकवावा, एक दाब द्यावा आणि मुलाचे पाच-सहा श्वास मोजावेत. मास्क आणि गाल यांत थोडी फट राहिली तरी औषध बरेच कमी होते. रडणाऱ्या मुलाला पकडून पंप दिला तर आत फारसे काही जात नाही. त्यापेक्षा आधी नुसत्या मास्कने खेळू द्यावे, बाहुलीला पंप देऊन दाखवावा. रोजचा पंप दिल्यावर चेहरा पुसावा आणि पाणी पाजावे. मूल तोंडाने व्यवस्थित श्वास घेऊ लागले की मास्क काढून टाकावा.

स्पेसर विकत घेणे परवडत नसेल तर?

अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीचा स्पेसर करता येतो. दक्षिण आफ्रिकेत दम्याचा झटका आलेल्या मुलांवर याची तपासणी झाली होती आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बाटलीचा स्पेसर विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी ठरला होता. बाटलीच्या बुडाला पंपाची नळी घट्ट बसेल एवढेच भोक तापवलेल्या तारेने पाडावे, फट राहिल्यास चिकटपट्टीने बंद करावी आणि बाटलीच्या तोंडातून वर सांगितल्याप्रमाणे श्वास घ्यावा. झडप नसल्यामुळे बाटलीत श्वास सोडण्यापूर्वी पहिला श्वास नीट आत घेणे महत्त्वाचे आहे. भोक सैल असेल तर सगळी मेहनत वाया जाते. मला विचाराल तर हा रोजचा नव्हे, अडचणीचा उपाय आहे, पण झटका आलेला असताना आणि हाताशी दुसरे काही नसताना नुसत्या पंपापेक्षा तो पुष्कळ बरा.

स्पेसर धुवायचा कसा? कापडाने पुसला तर चालेल का?

कापडाने आतून पुसू नये, कारण प्लास्टिक घासले की त्यावर स्थिर वीज तयार होते आणि औषधाचे कण भिंतीकडे ओढले जातात. हिवाळ्यात कोरड्या हवेत केसांना कंगवा चिकटतो, तोच हा प्रकार आहे. महिन्यातून एकदा स्पेसरचे भाग सुटे करून कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन-चार थेंब टाकून ते पंधरा मिनिटे बुडवून ठेवावेत, घासू नयेत, आणि तसेच निथळून सावलीत वाळू द्यावेत. साबणाचा पातळ थर आत राहिल्याने वीज साठत नाही. तोंडात धरायचा भाग मात्र वापरण्यापूर्वी बाहेरून स्वच्छ करावा. नवा स्पेसरही असाच धुऊन वापरायला काढावा. तडा गेला किंवा झडप वाकली, ताठ झाली, तर तो बदलावा. रोज वापरला जाणारा स्पेसर बहुधा सहा महिने ते वर्षभराने बदलावा लागतो.

पंपाचे प्लास्टिकचे कवचही आठवड्यातून एकदा, धातूचा डबा काढून घेऊन, पाण्याने धुवावे. भोकाशी औषधाची पांढरी पूड जमते आणि फवारा क्षीण होतो. धातूचा डबा पाण्यात घालू नये.

कॅप्सूल टाकून घ्यायच्या पंपालाही हेच नियम आहेत का?

नाही, आणि हाच गोंधळ सर्वांत जास्त औषध वाया घालवतो. फवाऱ्याच्या पंपात औषध ढकलणारा वायू असतो, म्हणून श्वास सावकाश घ्यायचा. कॅप्सूलच्या पंपात नुसती पूड असते आणि ती उडवण्याची ताकद तुमच्याच श्वासाची असते, म्हणून श्वास सुरुवातीपासूनच जोरात आणि खोल घ्यावा लागतो. फवाऱ्याचा पंप सोडून कॅप्सूलवर आलेला माणूस सवयीने सावकाश ओढतो आणि अर्धी पूड कॅप्सूलमध्येच राहते. घेऊन झाल्यावर कॅप्सूल उघडून पाहावी, पूड उरली असेल तर पुन्हा ओढावी. पंपात श्वास सोडू नये, ओलाव्याने पूड चिकटते. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण मी पाहिले आहेत. तिचा तसा काही उपयोग नाही. या पंपाला स्पेसर लागत नाही. पाच वर्षांखालील मुलांना आणि मोठ्या झटक्यात धाप लागलेल्या माणसाला जोराचा श्वास जमत नाही, तेव्हा स्पेसरसह फवाऱ्याचा पंपच हवा.

पंपात औषध किती उरले, हे कसे कळेल?

आकडा दाखवणारा पंप असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर डब्यावर छापलेले दाब भागिले रोजचे दाब, एवढा हिशेब करावा. १२० दाबांचा पंप दिवसाला चार दाब घेतले तर तीस दिवस पुरतो; ती तारीख पंपावर लिहून ठेवावी. डबा पाण्यात टाकून तरंगतो का ते पाहणे विश्वासार्ह नाही. हलवल्यावर आवाज येतो किंवा फवारा निघतो, यावरही जाऊ नये, कारण औषध संपल्यावरही नुसता वायू फवारत राहतो आणि रुग्णाला वाटते की औषध लागू पडेनासे झाले.

मे महिन्यात पंप कुठे ठेवावा?

बहुतेक पंपांवर ३० अंशांच्या खाली ठेवण्याची सूचना असते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पत्र्याच्या खोलीत खिडकीजवळ, दुचाकीच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या गाडीत पंप ठेवू नये. दाबाखाली भरलेला डबा फार तापला तर फुटूही शकतो. घरातील सर्वांत थंड, सावलीची जागा निवडावी. माठाजवळची जागा फवाऱ्याच्या पंपाला चालेल, पण तेथे ओल असते, म्हणून कॅप्सूल मात्र कोरड्या डबीतच ठेवाव्यात. पंप बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. डबा फार गार झाला तर फवारा नीट सुटत नाही.

पावसाळ्यात बरे असते म्हणून पंप बंद केला तर?

असे करणारे बरेच रुग्ण मला दिवाळीच्या सुमारास पुन्हा भेटतात. रोजचा पंप सोडल्यावर सूज लगेच परतत नाही, तिला काही आठवडे लागतात, त्यामुळे सुरुवातीला निर्णय बरोबर वाटतो. तोवर कापूस वेचणी सुरू होते, थंडी पडते, पुढे पऱ्हाट्या जाळल्या जातात, नंदुरबारकडे पथारीवर लाल मिरची वाळू लागते, आणि सुजलेल्या नलिकांना एवढे निमित्त पुरेसे असते. दमा सुमारे तीन महिने नीट ताब्यात राहिला, की डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करतात. ती कमी करण्यासाठी सुगीचा आणि धुराचा हंगाम टाळावा, असे मी माझ्यापुरते ठरवले आहे.

जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांनी एक गोष्ट पाहावी. सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती सर्वांत जास्त आवळत असेल आणि पुढच्या दिवसांत कमी होत असेल, तर तो कापसाच्या धुळीचा वेगळा आजार असू शकतो. हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, कारण त्यात नुसता पंप पुरत नाही.

झटका आला तर घरी काय करायचे आणि कधी निघायचे?

रुग्णाला ताठ बसवावे, आडवे करू नये. निळा पंप स्पेसरला लावून एक दाब द्यावा आणि चार ते सहा श्वास घेऊ द्यावेत; असे एकामागून एक चार दाब द्यावेत. चार मिनिटे थांबून फरक पडला नाही, तर पुन्हा चार द्यावेत. तरीही आराम नसेल, तर १०८ क्रमांकावर फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत किंवा वाटेत हाच क्रम चालू ठेवावा. ज्यांना बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप त्रासासाठी दिलेला आहे, त्यांनी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मर्यादेतच त्याचे जादा दाब घ्यावेत आणि फरक पडत नसेल तर थांबून न राहता निघावे. आपल्याकडे पाड्यापासून किंवा शिवारातल्या वस्तीपासून दवाखाना तासाभराच्या अंतरावर असू शकतो, म्हणून गाडीची सोय पाहायला पहिल्या चार दाबांच्या वेळीच कोणाला तरी पाठवावे.

एक वाक्य सलग बोलता न येणे, श्वासाबरोबर बरगड्यांमधली आणि गळ्याखालची कातडी आत ओढली जाणे, ओठ निळसर होणे, गुंगी येणे, यांपैकी एकही दिसले तर दाब मोजत बसू नये, लगेच निघावे. छातीतील घरघर अचानक थांबली आणि माणूस मात्र अधिकच थकलेला दिसत असेल, तर ते बरे होण्याचे लक्षण नव्हे. आवाज निघण्यापुरतीही हवा आत जात नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो. दवाखान्यात जाताना दोन्ही पंप आणि स्पेसर पिशवीत टाकून सोबत न्यावेत, म्हणजे कोणते औषध किती गेले आहे ते तेथे लगेच कळते.